तीन लॉट, एकच खोट: सप्लायरकडून खरं रूट कॉज असलेला कापा रिपोर्ट कसा मागायचा

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीमध्ये पंप बनवणाऱ्या युनिटमध्ये इनकमिंग क्वालिटी बघते. नवीन लागलेली मुलंमुली एकच प्रश्न विचारतात, सप्लायरला कापा, म्हणजे खोट का आली आणि ती परत येऊ नये म्हणून काय केलं याचा रिपोर्ट, मागितला की तो एक पानाचा फॉर्म भरून पाठवतो, "ऑपरेटरला समज दिली, पुन्हा होणार नाही", आणि पुढच्या लॉटमध्ये तोच डिफेक्ट परत येतो, मग करायचं काय? माझ्याकडे हे सलग तीन लॉट झालं होतं, त्यातून जे शिकले ते एका केसवरून सांगते.

पार्ट होता पंपचा शाफ्ट, राजकोटच्या एका मशीनिंगवाल्याकडून येणारा. बेअरिंग बसते त्या जागेचा व्यास २५ मिमी, ड्रॉइंगवर के६ फिट, म्हणजे माप २५.००२ ते २५.०१५ च्या मध्ये पाहिजे. सगळी मोकळीक १३ मायक्रॉनची. फेब्रुवारीच्या लॉटपासून असेंब्लीवाले ओरडायला लागले की ६२०५ बेअरिंग काही शाफ्टवर हातानेच सरकते. असं बेअरिंग पंप चालू असताना शाफ्टवर हळूहळू फिरतं, सीट घासून जाते, आणि मग कस्टमरकडून पंप परत येतो. म्हणून ही किरकोळ तक्रार नव्हती.

आधी हे जमवा

मेल लिहायला बसण्याआधी टेबलावर एवढं असू द्या:

- पीओ आणि ड्रॉइंगची तीच रिव्हिजन जी सप्लायरकडे आहे (रिव्हिजन वेगळी निघाली तर सगळं भांडण तिथेच संपतं)
- प्रत्येक खराब लॉटचा जीआरएन म्हणजे माल आल्याच्या पावतीचा नंबर, तारीख, किती आले किती खराब निघाले
- सप्लायरने मालासोबत पाठवलेला पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधी त्याने केलेल्या तपासणीचा रिपोर्ट
- तुमच्या मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट
- नंबर टाकलेले ५ खराब आणि ५ चांगले पीस, बाजूला कुलपात
- आधीच्या तक्रारींचे मेल आणि त्यावर आलेली उत्तरं

शेवटची वस्तू लोक विसरतात. "रिपीट" हा शब्द सिद्ध करायला तेच लागतं, नाहीतर सप्लायर प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं वागतो.

१. आधी आपलं माप तपासा

हे मी पहिल्या लॉटला केलं नव्हतं आणि त्यामुळे एक महिना गेला. मी लिहिलं अंडरसाइज, त्यांनी लिहिलं आमच्याकडे ओके, आणि दोघं आपापल्या जागी बसून राहिलो.

१३ मायक्रॉनची टॉलरन्स असेल तर एक मायक्रॉन वाचणारं मायक्रोमीटर लागतं, ०.०१ मिमीवाल्याने ही गोष्ट दिसतच नाही. माप घेण्याआधी २५ मिमीचा स्लिप गेज लावून झीरो बघा. मायक्रोमीटर स्टँडमध्ये धरा, तळहातात घट्ट धरून ठेवलं की ते गरम होतं आणि रीडिंग हलतं. मग नंबर टाकलेले पीस तुमच्याकडच्या दोघांनी वेगवेगळे मोजा. दोघांच्या मापात दोन-तीन मायक्रॉनचा फरक येत असेल तर सप्लायरला काही लिहू नका, आधी घर सांभाळा.

आमचं माप पक्कं झाल्यावर तेच पीस त्यांच्याकडे पाठवले आणि सांगितलं, तुमच्या मायक्रोमीटरवर मोजून आकडे कळवा. त्यांचे आकडे आमच्याशी एका मायक्रॉनमध्ये जुळले, म्हणजे २५.००२ च्या खाली, अंडरसाइजच. आणि याच पेटीच्या त्यांच्या पीडीआयवर २५.००४ च्या खाली एकही आकडा नव्हता. तेव्हा लक्षात आलं की प्रश्न मायक्रोमीटरचा नाही, आणि कोणी खोटं लिहिलंय असंही लगेच धरून चालायचं नाही.

२. लॉट फोडून बघा, मग समस्या एका वाक्यात लिहा

"माल खराब आला" या वाक्यावर कोणालाच रूट कॉज सापडणार नाही. पहिल्या दोन लॉटला मी नुसता टक्का काढून ठेवला होता. पहिला ३०० पैकी ३८, दुसरा ३०० पैकी ४४, तिसरा ४५० पैकी ६७. या आकड्यांवरून एवढंच कळतं की वाढतंय.

तिसऱ्या लॉटला पेटीप्रमाणे वेगळं केलं, कारण पेटीवर तारीख आणि शिफ्ट लिहिलेली असते. ६७ पैकी ६५ रात्रीच्या शिफ्टच्या पेट्यांतून निघाले, दिवसाचे फक्त २. आणि दुसरी गोष्ट, सगळेच्या सगळे बारीक, एकही जाडा नाही. ही दुसरी गोष्ट नीट समजून घ्या. ऑपरेटर निष्काळजी असता तर काही पीस जाडे आले असते, काही बारीक. सगळं एकाच बाजूला सरकलंय म्हणजे मापाला कोणीतरी ढकलतंय, रोज, तेवढंच.

मग समस्या अशी लिहिली: "शाफ्टच्या बेअरिंग सीटचा व्यास २५.००२ च्या खाली, आढळलेलं माप २४.९९८ ते २५.००१, सलग ३ लॉट, तिसऱ्या लॉटमध्ये ४५० पैकी ६७, त्यातले ६५ रात्रपाळीचे, एकही पीस वरच्या बाजूला बाहेर नाही." यात कारण नाही, आरोप नाही, उपाय नाही. तुमचा अंदाज त्यात घालू नका, घातला की सप्लायर तोच उचलून तुम्हाला परत पाठवतो आणि तुम्ही खूश होऊन पास करता.

३. माल अडवा आणि लेखी कळवा

पाच जागा मोजायच्या: आपलं स्टोअर, लाइनवर अर्धवट बसलेला माल, तयार पंप, वाटेत ट्रकमध्ये असलेला, आणि सप्लायरकडे पॅक होऊन पडलेला. तयार पंपांची जागा सुटते, आमची पहिल्या वेळी सुटली होती. सॉर्टिंग कोण करणार आणि मजुरी कोणाच्या नावावर टाकायची तेही इथेच लिहून ठरवा.

आणि एक सापळा जो क्वालिटीवाल्यांना कोणी शिकवत नाही. सप्लायर एमएसएमईडी कायद्यात बसणारा मायक्रो किंवा स्मॉल असेल तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असंच धरतात. पेमेंटची मुदत करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यानंतर व्याज लागतं, तेही चक्रवाढ, आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट. म्हणून फोनवर "भाई, माल जरा बघा ना" करून वीस दिवस घालवले आणि मग अकाउंट्सने बिल अडवलं तर बाजू आपली पडते. फोन करा, पण त्याच दिवशी मेलही टाका.

४. कापा मागणारा मेल

मेल मी इंग्रजीत पाठवते, इथे मजकूर मराठीत देते. मालकाला आणि त्यांच्या क्वालिटीवाल्याला दोघांनाही पाठवा, फक्त मार्केटिंगवाल्याला पाठवला की तो "थई जशे", होऊन जाईल, म्हणतो आणि तिथेच थांबतो.

"वर लिहिलेली समस्या सलग तिसऱ्यांदा आली आहे. फेब्रुवारी आणि मार्चच्या तक्रारींवर तुम्ही दिलेला उपाय (ऑपरेटरला ट्रेनिंग, नंतर ऑपरेटर बदलला) केल्यानंतरही डिफेक्ट आला आहे, त्यामुळे ते कारण आम्ही ग्राह्य धरत नाही. कृपया, (अ) ४८ तासांत तुमच्याकडचा आणि वाटेतला माल अडवून आकडा कळवा, (ब) १४ दिवसांत एट-डी फॉर्ममध्ये रिपोर्ट द्या, त्यात दोन रूट कॉज वेगवेगळी असावीत, डिफेक्ट तयार का झाला, आणि तो तुमच्या तपासणीत का सापडला नाही, (क) प्रत्येक कारणाचा पुरावा द्या, (ड) पहिल्या चांगल्या लॉटपासून आजपर्यंत माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, मोजमाप यात काय काय बदललं त्याची तारखेसहित यादी द्या."

मुदती तुमच्या पीओत किंवा क्वालिटी करारात वेगळ्या असतील तर त्या टाका. एट-डी नवीन असलेल्यांसाठी एवढंच, ही फोर्डने १९८७ मध्ये काढलेली पद्धत, त्यात टीम, समस्या, तात्पुरता बंदोबस्त, रूट कॉज, उपाय, उपाय लागू करणं, परत होऊ नये म्हणून व्यवस्था बदलणं अशा पायऱ्या असतात. सप्लायर आयएसओ ९००१ वाला असेल तर कलम १०.२ मध्ये कारण शोधणं त्याला तसंही बंधनकारक आहे, हे मेलमध्ये एका ओळीत आठवण करून द्या, धमकी म्हणून नको.

डेबिट नोटचा विषय या मेलमध्ये अजिबात घालू नका. पैसे आणि कारण एकत्र आले की सप्लायर कारण लपवतो, कारण कारण लिहिणं म्हणजे कबुली असं त्याला वाटतं. दोन वेगळे मेल, दोन वेगळी माणसं.

मला यादीतला (ड) सगळ्यात उपयोगी पडला. त्यांनी पाठवलेल्या यादीत एक ओळ होती, "जानेवारीपासून ऑर्डर वाढल्यामुळे रात्रपाळी सुरू." आणि आमचा पहिला खराब लॉट फेब्रुवारीचा.

५. आलेला रिपोर्ट वाचताना

पहिला रिपोर्ट दहा दिवसांत आला. फाइव्ह व्हाय भरलेलं होतं: पीस बारीक का, ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, चुकीचा दिला. का, ऑपरेटरने लक्ष दिलं नाही. का, नवीन आहे. का, ट्रेनिंग कमी. उपाय, ट्रेनिंग आणि रात्रीच्या मालाची १०० टक्के तपासणी.

वाचायला ठीक वाटतं, रात्रपाळीशी जुळतं पण. मी तीन प्रश्न लावून बघते. एक, हे कारण सगळे पुरावे समजावतं का? निष्काळजीपणाने सगळे पीस एकाच बाजूला का जातील, आणि पीडीआयचे आकडे चांगले का येतील, याचं उत्तर यात नाही. दोन, कारण काढून घेतलं तर डिफेक्ट जातो का? ऑपरेटर मार्चमध्येच बदलला होता, डिफेक्ट राहिला, म्हणजे हे कारण आधीच नापास झालंय. तीन, का सापडला नाही याचं उत्तर कुठे आहे? त्याऐवजी १०० टक्के तपासणी लिहिली, पण ज्या तपासणीने खराब पीसला २५.००४ दाखवलं तीच तपासणी शंभर टक्के केली तरी शंभर टक्के पीस ओकेच दाखवणार.

असा रिपोर्ट परत पाठवताना नुसतं "नॉट अॅक्सेप्टेड" लिहू नका. हे तीन प्रश्न तसेच लिहून पाठवा. समोरच्या छोट्या युनिटमध्ये क्वालिटीला बहुतेक एकच मुलगा असतो, त्याला काय कमी पडलं ते कळलं तर तो करतो.

६. जागेवर जा, आणि ज्या वेळी डिफेक्ट होतो त्याच वेळी जा

मी रात्रीची बस धरून राजकोटला गेले आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम रात्रपाळीला थांबले. मालक काका म्हणाले, दिवसा बघा ना, रात्री काय बघणार. आग्रह धरा. दिवसा गेले असते तर सगळं बरोबर दिसलं असतं, कारण दिवसा खरंच सगळं बरोबर होतं.

रात्री दिसलं ते असं. शाफ्ट सीएनसीवर रफ होतो आणि लगेच त्याच सेटिंगमध्ये फिनिश. कूलंट टाकीत कमी होतं. पीस निघाला की ऑपरेटर कापडात धरून तिथेच मोजतो, आकडा पीडीआयमध्ये लिहितो, गरज वाटली तर ऑफसेट बदलतो. अगदी मन लावून करत होता तो मुलगा. पीस हातात घेतला तर चटका बसत होता.

मग आम्ही ५ पीसवर नंबर टाकले, निघाल्या निघाल्या मोजले, आणि त्यांच्या सरफेस प्लेटवर दोन तास ठेवून परत मोजले. गरम असताना २५.००६, गार झाल्यावर २५.०००. पाचही पीस ५ ते ७ मायक्रॉन आकसले. तापमान पण घेतलं, पीस ५२ डिग्री, मायक्रोमीटर ३१. (इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टीलवर चुकीचं, बहुतेक कमी दाखवतं, म्हणून पीसवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.) स्टील एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं, म्हणजे २५ मिमीला २१ डिग्रीच्या फरकात:

```
0.025 × 11.5 × 21 ≈ 6 मायक्रॉन
```

हिशोब आणि माप जुळले. आपल्याकडच्या उन्हाळ्यामुळे होतं असं कोणी म्हणालं तर ते पूर्ण बरोबर नाही, शेडमध्ये ४२ डिग्री असलं तरी पीस आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे आणि दोन्ही ४२ वर असतील तर दोन्ही सारखेच फुगतात. घोळ फरकामुळे होतो, पीस गरम आणि मायक्रोमीटर गार.

मग दिवसा का होत नव्हतं? दिवसा इन्स्पेक्टर असतो, तो तासाभराचे पीस गोळा करून आपल्या खोलीत नेतो, तोपर्यंत ते गार होतात, आणि त्याच्या मापावरून ऑफसेट दिला जातो. रात्री इन्स्पेक्टर नाही. पीस गार व्हायला वेळ द्यायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते दिवसा आपोआप होत होतं म्हणून कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

मार्चमध्ये काढून टाकलेल्या ऑपरेटरबद्दल मला अजून वाईट वाटतं. त्याने लिहिलेला प्रत्येक आकडा त्याला खरंच दिसलेला होता. काकांना मी ते तिथेच सांगितलं, त्यांनी त्याला परत बोलावलं.

७. दुसरा रिपोर्ट कसा दिसायला हवा

आता रूट कॉज तीन ठिकाणी लिहिलं गेलं. डिफेक्ट तयार का झाला: गरम पीसच्या मापावरून ऑफसेट दिला जातो. सापडला का नाही: पीडीआय पण त्याच गरम मापावरून भरला जातो, गार झाल्यावर कोणी मोजत नाही. व्यवस्थेत काय सुटलं: कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कधी कसं तपासायचं ते लिहिलेल्या कागदात, मोजण्याआधी गार करण्याची अट नाही, आणि रात्रपाळी सुरू करताना तपासणीची पद्धत बदलतेय हे कोणी तपासलं नाही. पुरावा म्हणून पाच पीसचे गरम-गार आकडे जोडले.

उपायांवर थोडी ओढाताण झाली. त्यांचा पहिला प्रस्ताव होता, गरम असताना ६ मायक्रॉन जास्त ठेवू, हिशोब बसेल. हे मान्य करू नका. कूलंट भरलेलं असलं, मशीन जेवणाच्या सुट्टीनंतर चालू झालं, की फरक ६ चा २ होतो आणि मग पीस जाडे येतात. शेवटी ठरलं ते असं: ऑफसेटसाठी घेतलेला पीस आधी रूम टेंपरेचरच्या कूलंटच्या बादलीत ५ मिनिटं, पुसून मग प्लेटवर १० मिनिटं, आणि मगच माप. १५ मिनिटं का, तर आम्ही तिथेच दर ५ मिनिटांनी मोजून बघितलं, १५ नंतर आकडा हलायचा थांबला. तुमचा पार्ट मोठा असेल तर वेळ वेगळी येईल, तसंच करून काढा. रोज शिफ्टच्या सुरुवातीला कूलंटची पातळी नोंदवायची. पीडीआय दुसऱ्या दिवशी सकाळी, इन्स्पेक्टरकडूनच. कंट्रोल प्लॅनची नवीन रिव्हिजन आणि तिची कॉपी आम्हाला.

आणि त्याच मशीनवर होणारे बाकीचे पार्ट? हे विचारायला विसरू नका. तिथे आमचाच ३० मिमी सीटचा शाफ्ट पण व्हायचा, स्टोअरमध्ये जाऊन मोजला तर त्यातही रात्रीच्या पेट्यांत बारीक पीस निघाले, फक्त असेंब्लीपर्यंत अजून पोचले नव्हते.

८. क्लोज कधी करायचं

रिपोर्ट चांगला आला म्हणून क्लोज करू नका. मी अट घातली, उपाय लागू झाल्यानंतरचे सलग ३ लॉट, प्रत्येकात रात्रपाळीच्या पेट्या असायलाच हव्यात, आणि आम्ही त्या पेट्या पूर्ण मोजणार. दिवसाच्याच पेट्या पाठवून तीन लॉट चांगले दाखवता येतात, म्हणून पेटीवरची शिफ्ट आधी बघा.

पहिला लॉट स्वच्छ आला. दुसऱ्यात रात्रीच्या पेटीत ४ पीस २५.००१ निघाले. फोन केला तर कळलं बादली होती पण गरम पीस त्यात टाकून टाकून ती बादलीच कोमट झाली होती. त्यांनी दोन बादल्या आलटून पालटून ठेवल्या, कंट्रोल प्लॅनमध्ये बादलीचं तापमान मोजायची ओळ वाढवली, आणि मी लॉटची मोजणी परत एकपासून सुरू केली. त्यानंतरचे तिन्ही लॉट, जून, जुलै, ऑगस्ट, रात्रीच्या पेट्यांसकट शून्य. ऑगस्टच्या जीआरएनवर कापा नंबर लिहून फाइल बंद केली, आणि नंबर टाकलेले ते पाच पीस अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, नवीन कोणी लागलं की आधी तेच मोजायला देते.